सही खरी, तरी टोकन नामंजूर

पासवर्ड बरोबर आहे. ओटीपी आला, तो भरला, लॉगिनचं पान पुढे सरकलं. आणि तरीही अ‍ॅप म्हणतं, ‘तुम्हाला प्रवेश नाही.’ काल संध्याकाळपर्यंत हेच अ‍ॅप सुरळीत चालत होतं आणि मधल्या काळात कुणी त्यातली एक ओळही बदललेली नाही. मग रात्रीतून बिघडलं काय?

हा प्रश्न वापरणाऱ्याला पडतो, तसाच अ‍ॅप सांभाळणाऱ्या प्रोग्रामरलाही पडतो. त्याची पंचाईत जरा जास्त असते, कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याला अशा ओळी दिसतात:

```
IDX10501: Signature validation failed. Unable to match key
```

सहीची पडताळणी फसली, जुळणारी किल्ली सापडली नाही. पहिला संशय साहजिकच घुसखोराचा येतो: कुणीतरी खोटं टोकन बनवून आत शिरू पाहतंय. पण असे निरोप एकाएकी शेकड्यांनी येऊ लागले आणि ते रोजच्याच माणसांच्या नावाचे असले, तर बहुतेक वेळा टोकन खरं असतं आणि सहीही खरी असते. शिळी असते ती अ‍ॅपच्या स्मरणातली किल्ली.

१. टोकनचे तीन तुकडे

आजची बरीच अ‍ॅप्स पासवर्ड स्वतः तपासत नाहीत. ते काम गूगल, मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा किंवा संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं कीक्लोक अशा ओळख-सेवेकडे दिलेलं असतं. ओळख पटली की ही सेवा एक टोकन देते. त्याचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे जेसन वेब टोकन, बोलताना जेडब्ल्यूटी. त्याचं प्रमाण २०१५ मध्ये ठरलं.

हे टोकन म्हणजे दोन टिंबांनी तोडलेले अक्षरांचे तीन लांबलचक तुकडे. मधल्या तुकड्यात मजकूर असतो: हा वापरकर्ता कोण, टोकन कुणी दिलं, कोणत्या अ‍ॅपसाठी, किती वाजेपर्यंत चालेल. तिसरा तुकडा सहीचा. पहिला तुकडा छोटा असतो, आणि या प्रकरणात सगळं लक्ष त्याच्याकडेच द्यायचं आहे. उलगडल्यावर तो असा दिसतो:

```
{"alg":"RS256","typ":"JWT","kid":"mT4x9Qe"}
```

`alg` म्हणजे सही कोणत्या पद्धतीने केली ते, आणि `kid` म्हणजे ती कोणत्या किल्लीने केली, त्या किल्लीचा क्रमांक. पहिले दोन तुकडे गुप्त नसतात. ते फक्त वेगळ्या लिपीत मांडलेले असतात आणि कुणालाही वाचता येतात. सही मात्र कुणालाही करता येत नाही. ओळख-सेवेकडे किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्लीने ती सही करते आणि ही किल्ली कधी बाहेर जात नाही. जोडीतली सार्वजनिक किल्ली ती उघडपणे प्रसिद्ध करते, आणि त्या किल्लीने कुणीही सही पडताळून पाहू शकतो. मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं, तरी पडताळणी फसते.

यामुळे अ‍ॅपची मोठी सोय होते. दर विनंतीला ‘हा माणूस तुमचाच ना?’ असं ओळख-सेवेला विचारायची गरज उरत नाही. सार्वजनिक किल्ली हाताशी असली की निवाडा जागच्या जागी होतो.

२. शाखेच्या कपाटातलं कार्ड

सहकारी बँकेच्या शाखेत एखाद्या संस्थेचा चेक आला, तर कारकून संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावत नाही. तो नमुना सह्यांचं कार्ड काढतो आणि चेकवरची सही त्याच्याशी ताडून पाहतो. आता समजा संस्थेचे अध्यक्ष बदलले. नव्या सहीचं कार्ड मुख्य कार्यालयात जमा झालं, पण शाखेच्या कपाटात जुनंच राहिलं. नव्या अध्यक्षांची सही अस्सल आहे, खात्यात पैसे आहेत, तरी चेक परत येतो. कारकुनाचंही चुकलं नाही, त्याने समोरच्या कार्डाप्रमाणेच काम केलं. (एक फरक मात्र आहे. कार्डावरची सही बघून तिची नक्कल करता येते, पण सार्वजनिक किल्ली साऱ्या जगाने पाहिली तरी तिच्यावरून खासगी किल्ली काढता येत नाही.)

ओळख-सेवा आपल्या चालू सार्वजनिक किल्ल्यांची यादी एका वेब पत्त्यावर ठेवते. तो पत्ता `jwks_uri` या नावाखाली तिच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, आणि ते माहितीपत्रक `/.well-known/openid-configuration` या ठरलेल्या जागी मिळतं. अ‍ॅप ही यादी आणतं आणि आपल्या मेमरीत ठेवून देतं. यालाच यादी कॅश करणं म्हणतात. कॅश करण्यात गैर काही नाही, उलट ते करायलाच हवं. दर विनंतीला यादी नव्याने आणत बसलं, तर अ‍ॅप मंदावेल आणि ओळख-सेवा क्षणभर अडखळली तरी अ‍ॅपही आडवं होईल.

अडचण येते ती ‘किती वेळ ठेवायची’ या प्रश्नापाशी. कुणी दहा मिनिटं ठेवतं, कुणी चोवीस तास. आणि कुणी अ‍ॅप सुरू होताना एकदा आणतं, मग ते बंद होईपर्यंत पुन्हा तिकडे फिरकत नाही. पुढची कथा या तिसऱ्या प्रकाराची आहे.

३. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

उदाहरणादाखल एका कार्यालयाचं रजेचे अर्ज भरायचं अ‍ॅप घेऊ. ओळख-सेवा कीक्लोक. भार वाटून घ्यायला अ‍ॅपच्या तीन प्रती एकाच वेळी चालतात, आणि तिन्हींनी सुरू होताना यादी आणून ठेवलेली. त्या यादीत सहीची एकच किल्ली होती, क्रमांक `a81Kf2c`.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता कीक्लोक सांभाळणाऱ्याने ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे नवी किल्ली घातली, क्रमांक `mT4x9Qe`, आणि तिला जुन्या किल्लीहून वरचा प्राधान्यक्रम दिला. कीक्लोकमध्ये सक्रिय किल्ल्यांपैकी सर्वांत वरच्या प्राधान्याची किल्ली त्याच क्षणापासून सही करू लागते. जुनी किल्लीही यादीत राहते, म्हणजे जुनी टोकनं चालू राहतात. कीक्लोकच्या बाजूने सगळं नियमाप्रमाणे झालं.

अ‍ॅपकडे पहिल्या मिनिटात काहीच जाणवत नाही. लोकांच्या हातात अजून जुन्या किल्लीची टोकनं आहेत. पण कीक्लोकचं टोकन मूळ रचनेत पाच मिनिटंच चालतं, मग ब्राउझर गुपचूप नवं मागून घेतो. नव्यावर सही नव्या किल्लीची. त्यामुळे चुकांचा आलेख एकदम उभा चढत नाही. पाच मिनिटांत तो पायरीपायरीने वर जातो आणि सहा वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांचीच टोकनं नामंजूर होऊ लागतात. हा आकार ओळखीचा झाला की अनुभवी माणूस लॉग उघडण्याआधीच किल्लीचं नाव घेतो.

शुक्रवारची संध्याकाळ, कार्यालय रिकामं. तक्रार कुणी करायची?

सोमवारी साडेनऊला गर्दी सुरू होते. अ‍ॅप टोकन नाकारतं आणि वापरकर्त्याला लॉगिनच्या पानाकडे पाठवतं. एकदा लॉगिन झालं की कीक्लोकला तो ओळखीचा असतो, ते काही न विचारता ताजं टोकन हातावर ठेवून परत पाठवतं. अ‍ॅप तेही नाकारतं. ब्राउझर दोन पत्त्यांमध्ये येरझाऱ्या घालत राहतो आणि शेवटी थकून जास्त वेळा वळवल्याची तक्रार दाखवतो. लोक पासवर्ड बदलून पाहतात. त्याने काहीच होत नाही, कारण पासवर्डाचा इथे संबंधच नाही.

दहाच्या सुमारास भार वाढला म्हणून यंत्रणेने अ‍ॅपची चौथी प्रत आपोआप उभी केली. तिने सुरू होताना ताजी यादी आणली, त्यामुळे तिला दोन्ही किल्ल्या माहीत. आता चारातली एक विनंती पार पडते. वाटतं, बरं झालं, थोडं तरी चालू झालं. पण रजेच्या एका पानासाठी ब्राउझर सर्व्हरला सहा वेगवेगळ्या विनंत्या करतो. सहाही विनंत्या नेमक्या चौथ्या प्रतीकडे जाण्याची शक्यता चारास एकचा सहावा घात, म्हणजे ४,०९६ मध्ये एक. पान अर्धवट उघडतं, कुणाला नाव दिसतं पण शिल्लक रजा दिसत नाही, आणि ‘मला कधी कधी दिसतं’ अशा तक्रारी येतात. साफ बंद पडलेलं अ‍ॅप दुरुस्त करणं यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

सव्वादहाला कुणीतरी वैतागून सगळ्या प्रती बंद करून पुन्हा चालू करतं आणि सगळं सुरळीत होतं. हा उपाय लागू पडतो, म्हणूनच तो घातक आहे. कारण न शोधता सगळे कामाला लागतात. कीक्लोकच्या मार्गदर्शिकेत दर तीन ते सहा महिन्यांनी नवी किल्ली करावी अशी शिफारस आहे, तेव्हा पुढची खेप फार लांब नसते.

४. ओळखायचं कसं

रिस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं काढली, तर निदान पक्कं होतं. नाकारलेल्या टोकनचा पहिला तुकडा उलगडून त्यातला `kid` पाहायचा:

```
jq -R 'split(".")[0] | @base64d | fromjson' <<< "$TOKEN"
```

हे आपल्याच यंत्रावर करावं. चालू टोकन अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणं म्हणजे मुदत संपेपर्यंत आपला प्रवेश परक्याच्या हाती देणं. मग ओळख-सेवा या घडीला कोणत्या किल्ल्या प्रसिद्ध करते, ते पाहायचं:

```
curl -s https://login.example.org/realms/office/protocol/openid-connect/certs \
  | jq -r '.keys[] | select(.use=="sig") | .kid'
```

`use` ची चाळणी एवढ्यासाठी की कीक्लोकच्या यादीत सहीखेरीज मजकूर गुप्त करायची किल्लीही असते आणि तिचा क्रमांक पाहून उगाच गोंधळ होतो. ही आज्ञा अ‍ॅप ज्या सर्व्हरवर चालतं तिथूनच द्यायची, स्वतःच्या लॅपटॉपवरून नाही. सर्व्हर आणि ओळख-सेवा यांच्या मध्ये प्रॉक्सी असेल, तर तीही शिळी यादी वाढत असू शकते, किंवा फायरवॉलने वाटच अडवलेली असते.

टोकनमधला `kid` या यादीत आहे आणि तरी अ‍ॅपला तो सापडत नसेल, तर प्रश्न मिटला: अ‍ॅपची कॅश शिळी आहे. रिस्टार्ट करूनही फरक पडला नाही, तर ती बहुधा कॅश नसतेच, कुणीतरी सार्वजनिक किल्ली कधीकाळी कॉन्फिगच्या फायलीत चिकटवून ठेवलेली असते. `kid` यादीतच नसेल, तर टोकन दुसऱ्याच ठिकाणचं आहे, चाचणीच्या सर्व्हरचं खऱ्या अ‍ॅपकडे आलेलं वगैरे. नाहीतर ओळख-सेवेनेच किल्ली वेळेआधी काढून टाकली.

चकवा देणारी जात वेगळीच आहे. `kid` दोन्हीकडे तोच, अ‍ॅपला किल्ली सापडते, पण सही जुळत नाही. लॉगमध्ये ‘किल्ली नाही’ असं न येता नुसतं ‘सही चुकीची’ असं येतं. असं घडतं ते किल्ली बदलली पण क्रमांक बदलला नाही तेव्हा. चाचणीची ओळख-सेवा पुसून नव्याने उभारताना किल्लीला पुन्हा `key-1` हेच नाव दिलं, की हे हमखास होतं. अ‍ॅपच्या दृष्टीने `key-1` ओळखीची आहे, त्यामुळे नवी यादी आणायचं त्याला सुचतच नाही.

५. अनोळखी क्रमांक आला तर

शिळ्या कॅशवरचा उपाय नवा नाही. ओपनआयडी कनेक्टच्या २०१४ मधल्या प्रमाणातच तो लिहिलेला आहे: अनोळखी `kid` दिसला की पडताळणाऱ्याने `jwks_uri` कडे परत जावं आणि यादी पुन्हा आणावी. रजेच्या अ‍ॅपने एवढं केलं असतं, तर शुक्रवारी सहा वाजता प्रत्येक प्रतीच्या एका विनंतीला थोडा उशीर झाला असता, बस्स.

मात्र हा नियम आंधळेपणाने लिहिला, तर दुसरं संकट ओढवतं. `kid` हा टोकनचा न तपासलेला भाग आहे, त्यात कुणीही काहीही लिहू शकतं. एखाद्याने दर सेकंदाला हजार बनावट टोकनं पाठवली, प्रत्येकात वेगळा क्रमांक, तर अ‍ॅप हजार वेळा ओळख-सेवेकडे धावेल आणि तिलाच खाली बसवेल. म्हणून पुन्हा आणण्यावर वेळेचा लगाम हवा:

```
key = cache.get(kid)
if key is None and now() - last_try > 300:
    last_try = now()
    cache = fetch_jwks() or cache
    key = cache.get(kid)
if key is None:
    reject(401)
```

तीनशे सेकंद म्हणजे पाच मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट लायब्ररीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हाच लगाम पाच मिनिटांचा आहे, आणि शिवाय दर बारा तासांनी ती यादी आपणहून ताजी करते. नोडमध्ये वापरली जाणारी `jose` तीस सेकंदांवर थांबते. चौथ्या ओळीतला `or cache` दिसायला क्षुल्लक, पण मोलाचा: यादी आणताना नेटवर्क पडलं, तर हातची यादी फेकायची नाही. नाहीतर नवी किल्ली मिळवण्याच्या नादात जुन्या किल्लीची चांगली टोकनंही नाकारली जातात.

अशा लायब्ररी तयार असताना हा तर्क हाताने लिहू नये, हेच बरं. वर तो दाखवला तो लायब्ररी काय करते हे कळावं म्हणून.

ओळख-सेवा सांभाळणाऱ्याच्याही हातात बरंच असतं. नवी किल्ली आधी यादीत टाकायची, थांबायचं, मग तिने सही सुरू करायची. कीक्लोकमध्ये यासाठी किल्ली चालू पण निष्क्रिय ठेवता येते; अशी किल्ली यादीत दिसते, सही मात्र करत नाही. किती थांबायचं, याचा हिशेब सरळ आहे. सर्वांत आळशी अ‍ॅप चोवीस तासांनी यादी ताजी करत असेल आणि टोकन तासभर चालत असेल, तर सोमवारी दहाला किल्ली यादीत टाकायची आणि मंगळवारी दहानंतर तिने सही करू द्यायची. जुन्या किल्लीचं शेवटचं टोकन मंगळवारी अकराला मरतं. त्यानंतर, जरा हात राखून, जुनी काढायची. फक्त सुरू होतानाच यादी आणणाऱ्या अ‍ॅपला मात्र हा संयमही वाचवू शकत नाही.

६. १५ मार्च २०२१

जुनी किल्ली काढण्याच्या शेवटच्या पायरीत घाई झाली तर काय होतं, हे मायक्रोसॉफ्टने मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. एन्ट्रा तेव्हा अझ्युअर एडी या नावाने ओळखली जाई. वापरात नसलेल्या किल्ल्या वेळापत्रकाप्रमाणे काढून टाकणारी तिची एक स्वयंचलित यंत्रणा होती. एका गुंतागुंतीच्या स्थलांतरासाठी एक किल्ली नेहमीपेक्षा जास्त काळ ‘राखून ठेवा’ अशी खूण करून ठेवली होती. यंत्रणेतल्या दोषामुळे त्या खुणेकडे दुर्लक्ष झालं आणि किल्ली यादीतून गेली. भारतीय वेळेनुसार १६ मार्चची मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता.

जी अ‍ॅप्स ताजी यादी आणत गेली, ती त्या किल्लीची खरी टोकनं नाकारू लागली. म्हणजे इथे कॅश जपून ठेवणारे काही काळ तरले आणि तत्पर अ‍ॅप्स आधी पडली. दोनेक तासांत, आपल्या पहाटे २:३५ ला, यादी पूर्ववत झाली. पण काम तिथे संपलं नाही, कारण आता अ‍ॅप्सच्या कॅशमध्ये किल्ली नसलेली यादी बसली होती आणि ती ताजी होण्याचा वेळ प्रत्येकाचा निराळा. काही स्टोरेज साठ्यांमधल्या चुकीच्या नोंदी तर मुद्दाम बदल करून हटवाव्या लागल्या. सगळं निवळल्याचं जाहीर झालं तेव्हा भारतात दुपारचे २:५५ झाले होते. मूळ चूक सुधारायला दोन तास लागले, तिच्या कॅशमधल्या प्रतिमा पुसल्या जाण्यात बारा तासांहून जास्त वेळ गेला.

७. मग किल्ली बदलायचीच कशाला?

इतका त्रास असेल, तर किल्ली आहे तशी राहू द्यावी, असं कुणालाही वाटेल. मायक्रोसॉफ्टच्या ग्राहक-खात्यांच्या बाबतीत तेच झालं होतं. त्या किल्ल्या हाताने बदलल्या जात. २०२१ मध्ये त्यातून मोठा खोळंबा झाल्यावर ते बदलणंच थांबवण्यात आलं, असं अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाच्या २०२४ मधल्या अहवालात नमूद आहे. परिणामी २०१६ मध्ये तयार झालेली एक किल्ली २०२३ मध्येही मान्य होती. ती स्टॉर्म-०५५८ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॅकर गटाच्या हाती लागली. तिच्या जोरावर त्यांनी खोटी टोकनं बनवून अमेरिकी सरकारी खात्यांचे ई-मेल वाचले. ग्राहकांसाठीची किल्ली संस्थांच्या मेलला चालायला नको होती. तिथे पडताळणीतली आणखी एक चूक त्यांच्या पथ्यावर पडली.

किल्ली फुटल्याचं कळलं, तर थांबायला वेळ नसतो. तासाभरात नवी आणायची आणि जुनी काढायची. अशा वेळी कॅशचं दुसरं अंग उघडं पडतं. चोवीस तासांची कॅश असलेलं अ‍ॅप फुटलेली किल्ली आणखी चोवीस तास खरी मानू शकतं.

त्याहून वाईट अवस्था नव्या किल्ल्या कॅशमध्ये घालत जाणाऱ्या, पण यादीतून गेलेल्या जुन्या न काढणाऱ्या अ‍ॅपची. ते कधीच अडखळत नाही, त्याच्याबद्दल एकही तक्रार येत नाही, आणि तीन वर्षांपूर्वीच्या किल्लीने आज केलेली सहीदेखील ते मान्य करतं. अशी अ‍ॅप्स शोधायची तर चाचणीच्या ओळख-सेवेवर किल्ली बदलायची, जुनी यादीतून काढायची, कॅशची मुदत संपू द्यायची आणि मग जुन्या किल्लीने सही केलेलं, मुदत न संपलेलं टोकन पाठवायचं. उत्तर ४०१ यायला हवं. २०० आलं, तर अ‍ॅप यादी बदलत नाही, नुसती वाढवत बसलंय.